सेकंडरी पंपाचा हेड आणि चिल्ड वॉटरचं बॅलन्सिंग: गोव्यातल्या प्लांटरूममध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला हॉटेलांच्या प्लांटरूममध्ये, बहुधा जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, विचारले जातात. उत्तरं एकाच जागेच्या आधाराने देतो, कारण आकडे एका गोष्टीत बसले की लक्षात राहतात. जागा म्हणजे पर्वरीच्या बाजूला, उताराच्या जमिनीवर बांधलेलं एक हॉटेल. प्लांटरूम खाली, खोल्यांची मोठी विंग वर. पाणी गार करणारे दीडशे टीआरचे, म्हणजे दीडशे टन थंडाईचे, तीन चिलर, त्यातले दोन चालू आणि एक राखीव. प्रत्येक चिलरला एक प्रायमरी पंप. इमारतीकडे पाणी नेणारे तीन सेकंडरी पंप, तेही दोन चालू आणि एक राखीव, तिघांनाही वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी.

वरच्या विंगेत थर्मोस्टॅट २४ दाखवतो, तरी चादरी दमट का लागतात?

कारण थर्मोस्टॅट तापमान मोजतो, ओल मोजत नाही. गोव्यात पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता ठेवायची तर आतल्या हवेचा दवबिंदू साधारण १४ वर आणावा लागतो. ते काम कॉइलचं, म्हणजे गार पाणी वाहणाऱ्या ज्या नळ्यांवरून हवा जाते त्यांचं. कॉइलमधून निघणारी हवा १२-१३ अंशांपर्यंत उतरली तरच तिच्यातलं पुरेसं पाणी ट्रेमध्ये पडतं. त्यासाठी कॉइलला सात अंशांचं पाणी हवं.

साडेआठ अंशांचं पाणी आलं तरी हवा थंड होते. पावसाळ्यात ऊन नसतं, त्यामुळे खोली २४ वर यायला फारसे कष्ट पडत नाहीत. ओल मात्र आतच राहते. मग गालिच्याला वास येतो, कपाटात बुरशी धरते आणि हाउसकीपिंगवाले मेंटेनन्सवाल्यांशी भांडतात. या हॉटेलात सुरुवात इथूनच झाली होती.

सेकंडरीवर पाणी साडेआठ अंशांचं, पण चिलरमधून तर सातच निघतंय. मधे कुठे तापतं?

मधे तापत नाही, मधे मिसळतं. प्रायमरी आणि सेकंडरी या दोन फेऱ्यांना जोडणारा एक छोटा पाइप असतो. कुणी त्याला बायपास म्हणतं, कुणी डीकपलर. त्यावर व्हॉल्व्ह नसतो आणि तो इतका आखूड व जाड ठेवतात की त्यात प्रेशर जवळजवळ पडतच नाही. यामुळे दोन्हीकडचे पंप एकमेकांना न ढकलता आपापल्या मर्जीने चालू शकतात.

प्रायमरीचं पाणी जास्त असेल तर उरलेलं गार पाणी या पाइपातून परत चिलरकडे जातं. ते ठीक आहे. सेकंडरी पंप प्रायमरीपेक्षा जास्त पाणी ओढू लागले, की कमी पडलेलं पाणी ते याच पाइपातून उलट ओढतात. आणि ते असतं इमारतीतून परत आलेलं, गरम झालेलं पाणी. सातच्या पाण्यात अकराचं मिसळलं की वर साडेआठ जाणारच.

उलट वाहतंय हे फ्लोमीटरशिवाय कसं ओळखायचं?

एकाच थर्मामीटरने चार ठिकाणी वाचन घ्या. एकच म्हणतो, कारण पॅनेलवरच्या चार सेन्सरांत अर्ध्या-एका अंशाचा फरक असला तर सगळा हिशोब वाया जातो. जागा अशा: चिलर हेडरचा आउटलेट, बायपासनंतरचा सेकंडरी सप्लाय, इमारतीकडून येणारा रिटर्न बायपासच्या आधी, आणि चिलरचा इनलेट बायपासनंतर.

सप्लायच्या बाजूची दोन तापमानं वेगळी आणि रिटर्नच्या बाजूची सारखी असतील तर बायपास उलटा वाहतोय. सप्लाय सारखा आणि रिटर्न वेगळा असेल तर तो सुलटा आहे.

आमची वाचनं होती: चिलर आउटलेट ७.०, सेकंडरी सप्लाय ८.४, इमारतीचा रिटर्न ११.२ आणि चिलर इनलेटही ११.२. आता सेकंडरीतलं किती पाणी उलट आलेलं आहे ते असं काढायचं:

```
उलटा भाग = (सेकंडरी सप्लाय − चिलर आउटलेट) ÷ (रिटर्न − चिलर आउटलेट)
         = (८.४ − ७.०) ÷ (११.२ − ७.०) = १/३
```

म्हणजे इमारतीकडे जाणाऱ्या पाण्यातलं एक तृतीयांश पाणी चिलरला भेटलेलंच नव्हतं. प्रायमरीचे दोन पंप मिळून ताशी १६४ घनमीटर देत होते आणि ते सेकंडरीच्या दोन तृतीयांश होतं. म्हणून सेकंडरीचं पाणी ताशी २४६, त्यातलं ८२ घनमीटर उलटं.

प्रायमरीचं १६४ खरंच मिळतंय हे कशावरून?

दीडशे टीआरच्या चिलरला साडेपाच अंशांच्या डेल्टा टीवर, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकावर, ताशी सुमारे ८२ घनमीटर पाणी लागतं. टीआरमागे ०.५५ घनमीटर धरा, फारसं चुकत नाही. प्रत्यक्षात किती जातंय ते पाहायला इव्हॅपरेटरच्या दोन्ही टोकांचं प्रेशर एकाच गेजने मोजा आणि कंपनीच्या डेटाशीटमधल्या प्रेशर ड्रॉपशी ताडून पाहा. प्रवाह प्रेशर ड्रॉपच्या वर्गमुळाने बदलतो. डेटाशीट ८२ घनमीटरला ५ मीटर पाण्याच्या उंचीइतका ड्रॉप म्हणत असेल आणि तुम्हाला ६.५ मीटर मिळाले, तर प्रवाह सुमारे ९३ आहे. मात्र ट्यूब स्वच्छ असतील तरच यावर विश्वास ठेवा. आमच्याकडे दोन्ही चिलरवर आकडा डेटाशीटला धरूनच आला.

पाणी वर चढत नाही म्हणून तिसरा सेकंडरी पंप लावला. त्याने बरं व्हायला नको का?

इथला ऑपरेटर पेडण्याचा, हुशार मुलगा. त्याने मला पहिल्याच दिवशी हेच सांगितलं, "साहेब, पाणी वर चढत नाही, म्हणून तिसरा पंप लावला. पण त्यानं आणखीच बिघडलं." दुसऱ्या वाक्यात निदान होतं, पण पहिल्या वाक्यावर त्याचा इतका विश्वास होता की त्याला ते दिसलं नाही.

वरच्या विंगेला पाणी कमी नव्हतंच. तिला ताशी ५६ घनमीटर हवे होते आणि ६६ मिळत होते. पाणी भरपूर, पण गार नाही. दोन सेकंडरी पंपांवरच सुमारे २२५ घनमीटर ओढले जात होते, म्हणजे तेव्हाही बायपास उलटाच होता. तिसरा लावल्यावर २४६ झाले, उलटं पाणी ६१ वरून ८२ वर गेलं आणि सप्लाय आणखी गरम झाला.

मग तिसरा चिलर लावला की बरं होतं, ते कसं?

कारण त्याच्याबरोबर तिसरा प्रायमरी पंप सुरू होतो. प्रायमरी २४६ होतं, सेकंडरीशी बरोबरी होते आणि उलटं वाहणं थांबतं. वरच्या विंगेत सात अंशांचं पाणी पोचतं, ओल उतरते, सगळे खूश.

पण इमारतीचा लोड बघा. २४६ घनमीटर आणि २.८ अंश डेल्टा टी म्हणजे सुमारे ८०० किलोवॅट, अर्थात २२८ टीआर. दोन चिलरची क्षमता ३००. तिसरा चिलर थंडाईसाठी लागलाच नव्हता, त्याचा फक्त पंप हवा होता. तिघं चिलर अर्ध्या लोडवर धावत होते आणि राखीव यंत्र राखीव उरलं नव्हतं. भर सीझनमध्ये एक बंद पडला की मग काय, हा प्रश्न मॅनेजरला विचारला तेव्हा बॅलन्सिंगचं बजेट मंजूर झालं.

सेकंडरी पंप इतकं पाणी का ओढत होते?

दोन कारणं, आणि ती एकमेकांना हात देत होती.

पहिलं म्हणजे पंपाचा हेड, म्हणजे तो पाण्याला किती मीटर उंचीइतका दाब देतो ते. नेमप्लेटवर ८२ घनमीटरला ३५ मीटर. गरज किती होती? सर्वांत अवघड रस्ता वरच्या विंगेचा. जाऊन-येऊन मुख्य पाइप साधारण ५०० मीटर. दर शंभर मीटरला २ मीटर घर्षण धरलं तर १० मीटर. बेंड, टी, हेडर यांचे ३. विंगेच्या आत कॉइलचे ३, कंट्रोल व्हॉल्व्हचे ३, स्ट्रेनर, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आणि शाखेच्या पाइपाचे मिळून २. एकूण २१ मीटर. मग ३५ कुठून आले? जुन्या कागदात शोधलं तर २१ च्या खाली एक ओळ सापडली, "उंची: १४ मीटर". प्लांटरूमपासून वरच्या विंगेपर्यंतचा चढ कुणीतरी बेरजेत धरला होता.

पण वरची विंग खरोखर १४ मीटर उंच आहे. तो चढ धरायचा नाही?

बंद फेरीत नाही. पाणी एका पाइपाने वर चढतं तसं दुसऱ्याने खाली उतरतं आणि उतरणारं पाणी चढणाऱ्याला तेवढंच ओढतं. पंपाला फक्त घर्षण भागवायचं असतं. विहिरीतून टाकीत पाणी चढवण्याची सवय आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसलीय की अनुभवी माणसंही इथे घसरतात.

उंची लागते ती दुसरीकडे. एक्सपान्शन टँकचं प्रेशर असं ठेवावं लागतं की सर्वांत वरच्या कॉइललाही थोडं जादा प्रेशर उरेल, नाहीतर तिथे हवा साचते. आणि खालच्या पंपाची केसिंग व चिलर यांना ते स्थिर प्रेशर अधिक पंपाचा हेड सोसता आला पाहिजे. नव्या फेरीत पाणी वर पोचतच नसेल तर पंप मोठा करण्याआधी भरणीचं प्रेशर बघा आणि वरचे एअर व्हेंट उघडा.

कूलिंग टॉवरची बाजू उघडी असते, तिथे उंची येते. पण तीही बेसिनमधल्या पाण्यापासून वरच्या नोझलपर्यंत जेवढी आहे तेवढीच, अख्ख्या गच्चीची नाही.

दुसरं कारण?

फेरी कधी बॅलन्सच केली नव्हती, म्हणजे प्रत्येक विंगेला तिच्या वाट्याचंच पाणी जाईल असं जुळवलंच नव्हतं. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह होते, सगळे पूर्ण उघडे. प्लांटरूमशेजारच्या लॉबी-बँक्वेट विंगेचा रस्ता १२ मीटरमध्ये भागतो, मधल्या रेस्टॉरंट विंगेचा १६ मध्ये, वरचीचा २१ मध्ये. जवळच्या विंगेला जादाचा हेड व्हॉल्व्हमध्ये खर्च करायला लावलं नाही तर ती तो पाण्याच्या रूपात घेते. भर म्हणून बँक्वेटची हवा थंड करणाऱ्या एएचयूंचे व्हॉल्व्ह चालवणारे ॲक्च्युएटर लग्नांच्या सीझनमध्ये कुणीतरी हाताने पूर्ण उघडून ठेवले होते आणि कुणी परत ऑटोवर टाकले नव्हते. त्या विंगेचं डिझाइन ६४ घनमीटरचं, जात होते ११३.

पाणी इतक्या वेगाने कॉइलमधून गेलं की ते गरम न होताच परत येतं. डेल्टा टी पडतो तो इथे. प्रवाह पावणेदोनपट झाला म्हणून कॉइलची थंडाई पावणेदोनपट होत नाही, थोडीशीच वाढते.

बॅलन्सिंग नेमकं कोणत्या क्रमाने केलं?

आधी स्ट्रेनर साफ केले, हवा काढली, सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. यात कंटाळा केला तर पुढचं सगळं परत करावं लागतं. बुजलेल्या स्ट्रेनरवर केलेलं बॅलन्सिंग म्हणजे त्या कचऱ्याचं बॅलन्सिंग.

मग प्रत्येक विंगेच्या बॅलन्सिंग व्हॉल्व्हवर प्रेशरमधला फरक मोजला. हँडव्हीलचे फेरे बघून कंपनीच्या तक्त्यातून त्या स्थितीचा केव्ही, म्हणजे एक बार फरकाला ताशी किती घनमीटर पाणी जातं तो आकडा, घेतला. प्रवाह म्हणजे केव्ही गुणिले बारमधल्या फरकाचं वर्गमूळ. प्रत्येक आकड्याला डिझाइनने भागलं. लॉबी-बँक्वेट १.७७, रेस्टॉरंट १.५, वरची विंग १.१८.

सर्वांत कमी गुणोत्तर वरचीचं, म्हणून तिचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. रेस्टॉरंटचा व्हॉल्व्ह दाबत दाबत त्याचं गुणोत्तर वरच्या विंगेइतकं केलं. दाबताना वरचीचं गुणोत्तर वाढतं, म्हणून दोघींकडे आलटून पालटून बघावं लागतं. एक माणूस वर, एक मधे आणि फोन चालू. मग या जोडीशी लॉबी-बँक्वेट जुळवली. एकदा गुणोत्तरं सारखी झाली की पुढे प्लांटरूममध्ये काहीही कमी-जास्त केलं तरी तिन्ही विंगा एकाच प्रमाणात हलतात. सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे.

तिन्ही गुणोत्तरं सारखी होती, पण एकाहून जास्त. हा उरलेला हेड कुठे घालवायचा?

पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह दाबायचा?

व्हीएफडी नसेल तर नाइलाज म्हणून. व्हीएफडी असताना दाबला तर पंप वीज खाऊन हेड बनवतो आणि व्हॉल्व्ह तो खाऊन टाकतो. आम्ही डिस्चार्ज व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला, दोन पंप चालू ठेवले आणि स्पीड उतरवत गेलो. गुणोत्तर १ झालं तेव्हा व्हीएफडीवर ४१ हर्ट्झ होते.

आधी २४६ घनमीटर ३४ मीटर हेडने फिरत होते, आता १६४ घनमीटर २१ मीटरने. ७० टक्के पंप एफिशियन्सी धरली तर शाफ्टवरची शक्ती सुमारे ३३ किलोवॅटवरून १३-१४ वर आली.

पंप बदलायला हवा होता का?

नवा घेताना मी ८२ घनमीटरला २३ मीटर घेतला असता. २१ वर दहा टक्के, बस. पण जागेवर बसलेला पंप ४१ हर्ट्झवर आपल्या कर्व्हच्या बऱ्या भागात चालत होता, तर तो बदलण्यात पैसे घालण्याचं कारण नव्हतं. व्हीएफडी नसता तर इम्पेलर ट्रिम करायचा विचार केला असता, पण किती ट्रिम चालेल हे त्या पंपाच्या कर्व्हवर लिहिलेलं असतं, अंदाजाने कापू नये.

"हेड जास्त घेतला तर नुकसान काय, व्हीएफडी आहेच" असं म्हणणारे भेटतात. व्हीएफडी जादाचा हेड लपवतो खरा, पण त्याला कुणीतरी खरं सांगितलं तरच. पुढचा प्रश्न त्याचाच.

व्हीएफडी आधीपासून होते, मग ते ५० हर्ट्झवर का अडकले होते?

सप्लाय आणि रिटर्नमधला प्रेशरचा फरक मोजणारा डीपी सेन्सर प्लांटरूमच्या हेडरवर होता आणि सेटपॉइंट साडेतीन बार, पंपाच्या नेमप्लेटवरून उचललेला. तेवढा फरक कधी मिळतच नव्हता, म्हणून पंप सतत पूर्ण वेगात. सेन्सर वरच्या विंगेच्या शाखेवर नेला आणि सेटपॉइंट ०.८ बार ठेवला, म्हणजे विंगेच्या आतले ते ८ मीटर. आता व्हॉल्व्ह मिटू लागले की मुख्य पाइपातलं घर्षण कमी होतं आणि पंपाचा वेग आपोआप उतरतो. सेन्सर हेडरवरच ठेवला असता तर २१ मीटरचा फरक रात्री तीन वाजताही धरून ठेवावा लागला असता.

केबल लांब आणि उघड्यावरून जाते. पहिल्याच गडगडाटात आमचा ट्रान्समीटर गेला, तेव्हा सर्ज प्रोटेक्शन आधीच लावा.

बॅलन्सिंग केलं म्हणजे कायमचं झालं का?

हाताचे बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण लोडच्या एका स्थितीसाठी लावलेले असतात. बँक्वेट बंद असेल तर बाकीच्यांचं प्रेशर बदलतं, तिथे कंट्रोल व्हॉल्व्हना सांभाळून घ्यावं लागतं. नवीन काम असेल तर मी शाखेवर प्रेशर इंडिपेंडंट कंट्रोल व्हॉल्व्ह घ्यायला सांगतो. वरचं प्रेशर हललं तरी ते आपला प्रवाह धरून ठेवतात. मग त्याच शाखेवर वेगळा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह घालू नका. पण त्यांनाही काम करायला किमान प्रेशर लागतं, ते हेडच्या बेरजेत धरा.

आणि हो, वाचन घ्यायला उघडलेलं इन्सुलेशन त्याच दिवशी व्हेपर बॅरिअर टेपने बंद करा. पावसाळ्यात दोन दिवस उघडं राहिलं की आतपर्यंत भिजतं आणि पुढच्या वर्षी हँडव्हील गंजून जागचं हलत नाही.

दुसरा चिलर कधी लावायचा, कधी थांबवायचा?

बायपासला विचारा. उलटा प्रवाह दहा-पंधरा मिनिटं टिकला आणि सेकंडरी सप्लाय चढत राहिला तर एक चिलर वाढवा. सुलटा प्रवाह एका चिलरच्या पाण्यापेक्षा थोडा जास्त झाला, आमच्याकडे ९० घनमीटरच्या वर, तर एक कमी करा. मात्र उलट्या प्रवाहाच्या वेळी चालू चिलर पूर्ण लोडवर नसतील, तर चिलर वाढवण्याआधी कुठला व्हॉल्व्ह उघडा पडलाय ते शोधा.

शेवटी आकडे काय आले?

तेवढ्याच लोडच्या एका दिवशी चिलर आउटलेट ७.१, सेकंडरी सप्लाय ७.१, इमारतीचा रिटर्न १२.०, चिलर इनलेट ११.३. सेकंडरीत ताशी सुमारे १४० घनमीटर, बायपासमध्ये २४ सुलटे. दोन चिलर, दोन सेकंडरी पंप. डेल्टा टी ४.९ आला, पूर्ण साडेपाच नाही. रेस्टॉरंटच्या दोन कॉइल किचनच्या तेलकट हवेने माखलेल्या आहेत, त्या धुवायच्या राहिल्यात. चवथीला अर्धा स्टाफ घरी गेला आणि ते काम पुढे ढकललं गेलं.